आडवा वारा आणि हरवलेली सहा मिनिटं

“वारा बरोबर आडवा आहे, ना पुढून ना मागून. मग विमानाला उशीर का होतो?”

शिकवायला लागल्यापासून हे मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. विद्यार्थी असताना मीही इथेच घसरलो होतो.

आकडे घेऊन बघू. विमानाचा हवेतला वेग ताशी २०० किमी. जायचंय सरळ उत्तरेला, ३०० किमीवर. वारा पश्चिमेचा, ताशी ५०. पश्चिमेचा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. बाण पूर्वेकडे काढायचा. निम्मा वर्ग इथेच बाण उलटा काढतो.

नाक उत्तरेलाच ठेवलं तर दीड तासात विमान ३०० किमी उत्तरेला जाईल खरं, पण तोवर ७५ किमी पूर्वेला वाहून गेलेलं असेल. गंमत म्हणजे जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग २०६ भरतो, वाढलेलाच! फक्त मुक्काम चुकतो.

मुक्काम गाठायचा तर नाक वाऱ्याकडे वळवावं लागतं. किती? २०० पैकी ५० पश्चिमेकडे खर्ची पडले पाहिजेत, म्हणजे वारा फिटेल.

sin θ = 50/200 = 0.25, θ ≈ 14.5°

होकायंत्राच्या भाषेत नाक ३४५.५ अंशांवर. उत्तरेसाठी उरतात:

√(200² − 50²) ≈ 193.6

मी त्या वेळी वजाऐवजी अधिक केलं होतं. काटकोन दिसला की हात आपोआप बेरीज करतो. पण इथे काटकोन वारा आणि जमिनीवरचा मार्ग यांच्यात आहे, वारा आणि नाक यांच्यात नाही. त्यामुळे कर्ण होतो तो हवेतला वेग, आणि जमिनीवरचा वेग कर्णापेक्षा लहानच असणार. उत्तर २०० च्या वर आलं की समजायचं, त्रिकोण चुकला.

तर ३०० किमीला १ तास ३० ऐवजी १ तास ३३ मिनिटं. परतताना भरपाई होईल असं वाटतं, पण नाही. दक्षिणेला येतानाही नाक पश्चिमेकडेच वळवायचं, १९४.५ अंशांवर, वेग तोच १९३.६. जाऊन-येऊन सहा मिनिटं गेली.

खिडकीत बसलेल्याला यातलं काही जाणवत नाही. वारा अंगावर आदळत नसतो. विमान ज्या हवेत आहे ती सगळीच सरकत असते. मात्र खाली उत्तर-दक्षिण सरळ रस्ता असेल, तर विमान त्याच्यावरून तंतोतंत जात असतं आणि नाक रस्त्याशी तिरकं असतं.

वारा १२० झाला तर कोन जवळजवळ ३७ अंश आणि वेग १६०. आणि वारा २०० झाला तर नाक थेट पश्चिमेकडे, इंजिन पूर्ण जोरात, आणि खाली तेच झाड, तिथल्या तिथे.