"पाळी आल्यावर या" : तांबी बसवून घेण्याचा माझा अनुभव

मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत मी हे वाक्य दोनदा ऐकलं. "पाळी आल्यावर या." बोलणाऱ्या दोघी वेगळ्या होत्या, पण चेहऱ्यावरचा कंटाळा एकच. मी सांगत होते की पाळी यायच्या आधीच मला तांबी बसवून हवी आहे, कारण पाळी येईपर्यंत थांबण्यातच धोका आहे. त्यांना वाटत होतं, बाळंतिणीचं डोकं जरा फिरलंय.

सुरुवातीपासून सांगते. मुलगी ११ नोव्हेंबरला झाली. तिचं अंगावरचं दूध नीट सुरू झालं, तेव्हा आमच्या डॉक्टरबाईंनी लॅम समजावून सांगितली. म्हणजे स्तनपान हेच गर्भनिरोधक. तीन अटी एकाच वेळी पाळल्या जायला हव्यात. बाळंतपणानंतर पाळी आलेली नसावी, बाळ पूर्णपणे किंवा जवळपास पूर्णपणे अंगावर पीत असावं, आणि बाळाला सहा महिने पूर्ण झालेले नसावेत. तिन्ही असतील तर सहा महिन्यांत शंभरातल्या जेमतेम एक-दोन बायकांना दिवस जातात. एक जरी अट मोडली, तर त्याच दिवसापासून दुसरं साधन. "पुढच्या महिन्यापासून बघू" असं नाही.

"अंगावर पाजते तोवर दिवस जात नाहीत" हे आमच्या घरातही बोललं जायचं. मोठ्या जाऊबाईंचा धाकटा याच भरवशावर झाला. मोठा तेव्हा आठ महिन्यांचा होता, डाळीचं पाणी, पेज, सगळं खात होता आणि रात्री दोनदा अंगावरही प्यायचा. पाळी आली नव्हती म्हणून त्या निर्धास्त होत्या, आणि मधे एकदाही पाळी न येता त्यांना दिवस गेले. त्यात अजब काहीच नाही. बाळ ओढतं तेव्हा त्याचा संदेश मेंदूपर्यंत जातो आणि मेंदूतून बीजकोशाला जाणारे संप्रेरकांचे ठोके विस्कटतात, त्यामुळे बीज तयार होऊन सुटत नाही. ओढणं कमी झालं की ठोके पुन्हा लागतात. मग आधी बीज सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे पाळीची वाट बघणारी बाई पहिल्या बीजाच्या वेळी बेसावध असते. पहिले काही महिने पुष्कळदा पहिली पाळी बीज न सुटताच येते, पण बाळ जसं मोठं होतं तसा हा दिलासा पातळ होत जातो. सहा महिन्यांची रेघ त्यासाठीच आहे.

चाळिसाव्या दिवशी मला पुन्हा रक्त गेलं, तीन दिवस. मी रडकुंडीला आले, पाळी आली आणि लॅम संपली असं वाटलं. डॉक्टरबाईंनी फोनवर विचारलं, किती दिवस झाले? बाळंतपणानंतरच्या पहिल्या ५६ दिवसांतलं रक्त पाळी धरत नाहीत. माझे ५६ दिवस ६ जानेवारीला संपत होते. त्यानंतर सलग दोन दिवस रक्त गेलं, किंवा मला स्वतःला ती पाळी वाटली, तर मात्र पाळी.

तिन्ही अटींत सगळ्यात घसरडी ती पाजण्याची. दिवसा दोन पाजण्यांत चार तासांपेक्षा जास्त आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त अंतर पडायला नको. सासूबाई रोज सकाळी सहाण घेऊन बसायच्या, बाळगुटी उगाळायला. मी डॉक्टरबाईंना विचारून ती बंद करवली, पण ते बाळाच्या पोटाच्या काळजीने. लॅमच्या हिशेबात ड जीवनसत्त्वाचे थेंब किंवा कधीमधी चाटवलेलं बोटभर काही मोजत नाहीत. मोजतात ते वरच्या दुधाची बाटली, कारण बाटलीने पोट भरलं की बाळ तेवढं कमी ओढतं.

मार्चच्या मध्यावर मुलगी शहाण्यासारखी वागायला लागली. रात्री दहाला झोपली की साडेपाचपर्यंत चूल थंड. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नशीबवान आहेस." मी घड्याळ बघून बोटं मोजत होते. साडेसात तास. दोन दिवस तिला अडीचला उठवून पाजायचा प्रयत्न केला, मग कंटाळले. त्याच आठवड्यात नवऱ्याने कंडोम आणले आणि आम्ही एकदाही चुकवले नाहीत. हे पुढे कामाला आलं.

शिवाय नोकरी होती. रजा २६ आठवड्यांची, त्यातले चार आठवडे मी बाळंतपणाआधीच घेतले. रजा १३ एप्रिलला संपत होती, १४ला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणजे १५ला हजर. सिंहगड रोडवरून हिंजवडी, कंपनीची बस सव्वासातला, घरी परत संध्याकाळी साडेसहाला. अकरा तास. पंपाने दूध काढून ठेवलं तर बाळाला वरचं द्यावं लागत नाही, हे खरं. पण बाळ ओढतं तसा पंप मेंदूला हाक मारेलच याचा भरवसा नाही. चिलीमध्ये दूध काढून ठेवून नोकरी करणाऱ्या बायकांचा अभ्यास झाला, त्यात सहा महिन्यांत शंभरात पाचांहून थोड्या जास्त जणींना दिवस गेले. म्हणजे नेहमीच्या एक-दोनाच्या मानाने बरंच. माझ्या मुलीला सहा महिने ११ मेला होणार होते, पण लॅमचा उरलासुरला भरवसा १५ एप्रिललाच संपणार होता. त्याआधी मला तांबी बसवून हवी होती.

मग ती जागा. जिथे बाळंत झाले तेच रुग्णालय, फाईल तिथेच, म्हणून २४ मार्चला तिथे गेले. आमच्या डॉक्टरबाई सुट्टीवर. दुसऱ्या तरुण डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "शेवटची पाळी कधी?" मी म्हटलं, आलेली नाही, अंगावर पाजते. "मग पाळी आल्यावर दुसऱ्या ते पाचव्या दिवशी या." मी म्हटलं, पाळी येण्याआधीच दिवस जाऊ शकतात ना? त्यावर उत्तर, "म्हणूनच तर. आता तुम्ही प्रेग्नंट नाही कशावरून?" मी लघवीची तपासणी करते म्हटलं. तर म्हणे, ती इतक्या लवकर कळेलच असं नाही. हे चूक नाही, पण मग करायचं काय? पाळी आल्यावर या.

८ एप्रिलला पुन्हा गेले. या वेळी काउंटरवरच अडले. संगणकात "शेवटच्या पाळीची तारीख" हा रकाना रिकामा ठेवला तर नंबरच निघत नव्हता. मी म्हटलं, प्रसूतीनंतर आलेली नाही असं लिहा. तिथे अक्षरं बसत नाहीत, तारीखच लागते. शेवटी त्या मुलीने माझ्या जुन्या फाईलमधून गरोदरपणाआधीची ४ फेब्रुवारी ही तारीख उचलली आणि टाकली. चिठ्ठी छापून आली, त्यावर गर्भाचं वय: ६१ आठवडे. मी हसले. ती हसली नाही. दोन तासांनी आत बोलावलं, तिथल्या बाईंनी चिठ्ठी बघितली, कपाळाला आठ्या घातल्या आणि तेच वाक्य म्हणाल्या. मांडीवर मुलगी रडत होती, मी तिथेच बाकावर तिला पाजलं. याहून स्पष्ट पुरावा कुठला देणार होते?

परतताना रिक्षात बहिणीला फोन केला. तिने महापालिकेच्या प्रसूतिगृहात जायला सांगितलं. १० एप्रिलला गेले. तिथल्या सिस्टरनी पाळीची तारीख विचारलीच नाही असं नाही, पण उत्तर ऐकून थांबल्या नाहीत. त्यांच्याजवळ प्रश्नांचा एक कागद होता. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, पूर्ण अंगावर पितं आणि पाळी आलेली नाही, असं आहे का? गेल्या चार आठवड्यांत बाळंतपण झालंय का? प्रसूतीपासून संबंध आलेलाच नाही का? पाळी नुकतीच सुरू झाली आहे का? गेल्या काही दिवसांत गर्भपात झालाय का? एखादं भरवशाचं साधन नियमित वापरताय का? यातल्या एकाला जरी "हो" आलं आणि गरोदरपणाची लक्षणं नसली, तर बाई गरोदर नाही असं धरायला पुरेसा आधार असतो. माझी दोन "हो" आली, पहिलं आणि शेवटचं. मी रात्रीच्या साडेसात तासांचंही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "म्हणून कंडोम वापरलेत ना? मग झालं."

डॉक्टरांनी आतून तपासलं. पाजणाऱ्या बाईचं गर्भाशय मऊ असतं, तांबी बसवताना भिंतीला इजा व्हायची शक्यता जास्त, तरी क्वचितच होतं पण हात सराईत लागतो, हेही सांगितलं. पाच मिनिटं, दोन सणसणीत कळा. तांबी त्याच क्षणापासून काम करते आणि दुधावर परिणाम करत नाही. एक पैसा लागला नाही.

तांबी नको असेल त्यांच्यासाठी, हे मधेच आठवलं म्हणून. सिस्टरनी मला तीन पर्याय दाखवले होते. छाया गोळीत संप्रेरक नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, पाजणाऱ्या बाईला बाळंतपणानंतर सहा आठवडे झाले की चालतं. आणि माला-एनसारखी नेहमीची गोळी पाजत असाल तर सहा महिन्यांच्या आत नाही, दूध कमी होऊ शकतं. मला वार लक्षात ठेवायचे नव्हते.

हेही आधी सांगायला हवं होतं: तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवतात. त्यानंतर मात्र सहा आठवडे थांबावं लागतं. सातव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलून ठेवलं असतं तर मला ही तीन काउंटरं बघावी लागली नसती. तेव्हा मी पाळण्याचा रंग निवडत होते.

पाळी आली ती २८ जुलैला. मुलगी साडेआठ महिन्यांची, उष्टावण होऊन अडीच महिने उलटलेले. तांबीमुळे पहिले दोन महिने रक्त जास्त गेलं, मग बसलं. त्या रुग्णालयाचं ऐकलं असतं तर तांबी जुलैच्या शेवटी बसली असती, आणि मधले साडेतीन महिने मी अकरा तास घराबाहेर आणि रात्रभर झोपणारी मुलगी एवढ्यावर काढले असते.

त्या रुग्णालयात परवा मुलीच्या लसीसाठी गेले होते. माझी फाईल उघडली तर गर्भाचं वय अजून वाढतंच आहे.