चौदा मार्चची टिपणी

मूट कोर्ट स्पर्धेत कायद्याची मुलं काल्पनिक खटला लढवतात. त्यासाठी रिस्पॉन्डंटच्या, म्हणजे सरकारच्या, बाजूच्या मेमोरियलचा, म्हणजे लेखी मांडणीचा, मसुदा टेबलावर आला. युक्तिवादाचा भाग बरा होता, पण ‘स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स’च्या पहिल्याच ओळीला मी अडले. ‘याचिकाकर्त्या कंपनीने बेदरकारपणे नदीत विषारी सांडपाणी सोडून गावकऱ्यांच्या विहिरी दूषित केल्या.’ यातलं ‘बेदरकारपणे’ हा युक्तिवाद आहे. ‘विषारी’ हा शब्द प्रपोझिशनमध्ये, म्हणजे स्पर्धेने दिलेल्या खटल्याच्या हकिगतीत, कुठेच नाही. आणि विहिरींचं पाणी कुणी तपासलंच नव्हतं.

“पण मॅडम, आपण सरकारच्या बाजूने आहोत ना?” आमची रिसर्चर म्हणाली.

हा गैरसमज दरवर्षी भेटतो. बाजू घ्यायची म्हणजे विशेषणं चढवायची, असं मुलांना वाटतं.

प्रपोझिशन थोडक्यात सांगते. कापड रंगवणारा एक कारखाना. 4 मार्चला नदीकाठच्या गावातून तक्रार आली की विहिरींना लालसर पाणी येतंय. 6 मार्चला पाहणी झाली आणि कारखान्याच्या मॅनेजरच्या सहीनिशी सांडपाण्याचे नमुने घेतले गेले. 12 मार्चला अहवाल आला. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, मर्यादा 250 मिलिग्रॅम प्रति लिटर असताना 1,150 निघालं. 14 मार्चला अधिकृत अधिकाऱ्याने फाइलवर टिपणी लिहिली की खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्याची उपसा विहीर आहे, पर्यावरणाला गंभीर इजा पोचण्याची शक्यता आहे, म्हणून आक्षेप मागवत बसणं इष्ट नाही. 15 मार्चला पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 च्या कलम 5 खाली कारखाना बंद करण्याचा आणि वीज तोडण्याचा आदेश निघाला. नोटीस नाही, सुनावणी नाही. कंपनीच्या हाती पडलेल्या आदेशात कारणंही नाहीत. 28 मार्चला सुनावणी दिली गेली, 2 एप्रिलला कारणांसह आदेश कायम झाला. शिवाय त्याच कारखान्याची जानेवारीत तपासणी झाली होती आणि तेव्हा सगळं मर्यादेत होतं. कंपनी राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात आली.

पिटिशनरची, म्हणजे कंपनीची, गोष्ट कुठून सुरू होणार हे उघड आहे: जानेवारीतल्या स्वच्छ अहवालापासून. मग एक दिवस अचानक वीज जाते. ती गोष्ट खोटी नाही. आपली गोष्ट 4 मार्चच्या तक्रारीपासून सुरू केली, तर तीही खोटी नाही. सुरुवात कुठे करायची याचं स्वातंत्र्य दोन्ही बाजूंना असतं, आणि बाजू मांडण्याचं निम्मं काम तिथेच होतं. अट एवढीच की जानेवारीचा अहवाल पुढे कुठेतरी यायलाच हवा. आम्ही तो पाहणीच्या वाक्यात घेतला: ‘जानेवारीतील तपासणीत मर्यादेत आढळलेल्या या कारखान्याची 6 मार्च रोजी पुन्हा पाहणी करण्यात आली.’ वस्तुस्थिती पूर्ण सांगितली, पण वाचणाऱ्याची नजर ‘पुन्हा पाहणी’कडे जाते.

विहिरींचं वाक्य सुधारायला जास्त वेळ गेला. रिसर्चर म्हणाली, लाल पाणी आणि रंगाचा कारखाना, अजून काय पुरावा हवा? मी म्हटलं, तो निष्कर्ष न्यायाधीशाला काढू दे, तू काढून हातात देऊ नकोस. शेवटी दोन वाक्यं झाली. एकात गावकऱ्यांनी तक्रार केली एवढंच. दुसऱ्यात नमुन्याचे आकडे, शेजारी मर्यादेचा आकडा. दोघांमध्ये ‘त्यामुळे’ नाही. 250 आणि 1,150 शेजारी ठेवले की ‘बेदरकारपणे’ची गरजच राहत नाही. आणि एखाद्या न्यायाधीशाने विचारलं की विहिरी कारखान्यामुळेच लाल झाल्या हे कशावरून, तर ‘आम्ही तसं म्हटलेलंच नाही’ हे उत्तर तयार असतं.

सगळ्यात कठीण होती ती 14 मार्चची टिपणी. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 चा नियम 4 सांगतो की प्रस्तावित निर्देशाची प्रत द्या आणि आक्षेप घ्यायला किमान 15 दिवस द्या. पण त्याचाच उपनियम (5) सांगतो की गंभीर इजेची शक्यता असेल आणि संधी देणं इष्ट नसेल, तर कारणं लेखी नोंदवून थेट निर्देश देता येतो. म्हणजे रिस्पॉन्डंटची सगळी इमारत त्या टिपणीवर उभी. मुलांना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी मसुद्यात दिलखुलास लिहिलं होतं: ‘नदीला गंभीर इजा पोचण्याची शक्यता असल्याने आदेश देण्यात आला.’

हे चालत नाही. गंभीर इजेची शक्यता होती की नव्हती, हाच तर वाद आहे. तो निकाल तुम्ही वस्तुस्थितीत लिहून टाकला, तर परीक्षक बाजूला ‘आर्ग्युमेंटेटिव्ह’ असा शेरा मारून गुण कापतो आणि पुढची पानंही संशयाने वाचतो. ‘अधिकाऱ्याने 14 मार्च रोजी अशी शक्यता असल्याचे फाइलवर नोंदवले’ हे मात्र शंभर टक्के वस्तुस्थिती. मत खरं होतं का यावर वाद होऊ शकतो, पण ते त्या दिवशी नोंदवलं गेलं यावर होऊ शकत नाही. तारीख तर अजिबात गाळायची नाही. मोहिंदर सिंग गिल (1978) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आदेशाची वैधता त्यातल्याच कारणांवर तपासायची, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणं जोडायची नाहीत. पिटिशनर हा निकाल आणणार हे नक्की. आपलं उत्तर असं की ही कारणं नंतर सुचलेली नाहीत, आदेशाच्या आदल्या दिवशीची आहेत. हे उत्तर पूर्ण बिनतोड नाही, कारण टिपणी कंपनीला कळवली नव्हती. पण ते द्यायचं असेल तर 14 आणि 15 या तारखा वाचणाऱ्याच्या डोक्यात आधीच बसलेल्या हव्यात.

यावर पहिल्या वक्त्याने एक वाक्य सुचवलं: ‘कारणे लेखी नोंदवून 15 मार्च रोजी आदेश निर्गमित करण्यात आला.’ शब्दन् शब्द खरा. पण वाचणारा काय समजेल? कारणं आदेशातच आहेत, असं. हा सरळ ‘नरो वा कुंजरो वा’चा प्रकार. मेमोरियलमध्ये असत्य बहुतेक वेळा असंच शिरतं. खोटं कुणी लिहीत नाही, खरी वाक्यं अशी जोडली जातात की चुकीचं चित्र उभं राहतं.

आमच्याच टीमला पिटिशनरचं मेमोरियलही द्यायचं होतं. ते लिहिणाऱ्या मुलाला मी बोलावून लाल पेन दिलं. “जे प्रपोझिशनमध्ये नाही ते खोड. जे वाचून तुझा न्यायाधीश फसेल तेही खोड. तुला नुसतं आवडलं नाही म्हणून काही खोडायचं नाही.” त्याने वक्त्याचं ते वाक्य पहिल्या फटक्यात खोडलं. मग तिघांनी बसून ते नव्याने लिहिलं: ‘15 मार्च रोजी कलम 5 खाली आदेश देण्यात आला. कंपनीस बजावलेल्या प्रतीत 14 मार्चच्या टिपणीतील कारणे नमूद नव्हती. कंपनीस 28 मार्च रोजी सुनावणी देण्यात आली आणि 2 एप्रिल रोजी कारणांसह आदेश कायम करण्यात आला.’ अडचणीची गोष्ट मधल्या वाक्यात, परिच्छेदाचा शेवट आपल्या सोयीच्या गोष्टीवर. तो मुलगा बराच वेळ पेन धरून बसला आणि म्हणाला, “खोडता येत नाही, पण आवडत नाही.” मला हेच ऐकायचं होतं.

नऊ दिवसांचंही तसंच. पिटिशनर म्हणणार, इतकी घाई होती तर 6 तारखेपासून 15 पर्यंत काय केलं? आम्ही 6 तारीख लपवली नाही, पण आदेशाचं वाक्य पाहणीला न जोडता अहवालाला जोडलं: अहवाल 12 ला, टिपणी 14 ला, आदेश 15 ला. नऊ दिवसांचे तीन झाले, एकही तारीख न बदलता. प्रत्येक वाक्याखाली तळटीप म्हणून प्रपोझिशनच्या परिच्छेदाचा क्रमांक टाकायला लावला. ज्या वाक्याला क्रमांक सापडला नाही, ते गेलं.

इश्यूज, म्हणजे न्यायालयाने ठरवायचे प्रश्न, मग लवकर झाले. काही स्पर्धांत ते प्रपोझिशनमध्येच दिलेले असतात, तेव्हा हात बांधलेले. इथे मोकळे होते. मसुद्यात ‘कायदेशीर आदेशात न्यायालयाने हस्तक्षेप करावा काय?’ असं होतं. आदेश कायदेशीर म्हटल्यावर विचारायला उरलं काय? प्रश्न असा हवा की त्याचं ‘नाही’ असंही प्रामाणिक उत्तर देता यावं, पण ‘होय’कडे जाणारी वाट प्रश्नातच दिसावी.

आम्ही आधी याचिका ग्राह्य आहे का हा प्रश्न घेतला, कारण कलम 5ए खाली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. व्हर्लपूल (1998) निकालाप्रमाणे नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असेल, तर पर्यायी उपाय असूनही रिट चालते. त्यामुळे या प्रश्नावर एकट्यावर विसंबणं धोक्याचं होतं, पण तो पहिला ठेवल्याने पिटिशनरला दारातच बोलावं लागतं. दुसरा प्रश्न असा झाला: ‘नियम 4(5) खाली 14 मार्च रोजी कारणे नोंदवून व त्यानंतर सुनावणी देऊन दिलेला निर्देश, बजावलेल्या प्रतीत ती कारणे नसतानाही, वैध ठरतो काय?’ ‘नसतानाही’ हा तुकडा घालावा की नाही यावर रिसर्चर आणि वक्ता भांडले. वक्त्याचं म्हणणं, आपणच आपल्या पायावर धोंडा का पाडून घ्यायचा? मी तो ठेवायला लावला. मूळ वादच त्या तुकड्यात आहे, आणि तो गाळला तर प्रश्न समोरच्या बाजूच्या प्रश्नापुढे पोरकट दिसतो.

तोंडी फेरीत एका न्यायाधीशांनी नेमकं तेच बोट ठेवलं. “तुमच्याच सहाव्या परिच्छेदात लिहिलंय की प्रतीत कारणं नव्हती?”

“होय, युवर लॉर्डशिप. आणि पाचव्या परिच्छेदात ती कुठे होती तेही.”

त्यांनी पान मागे उलटलं, तारीख पाहिली आणि विचारलं, अहवालानंतरच्या तीन दिवसांत कंपनीला एक फोन तरी का केला नाही? प्रपोझिशन त्याबद्दल गप्प आहे, असं वक्ता म्हणाला आणि थांबला. न्यायाधीशांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि याचिकेच्या ग्राह्यतेकडे वळले.