लेझर डायोडचा गुडघा: देवगडची सकाळ आणि दुपार

प्रकाश मोजायची पेटी तयार झाली आणि लेझर डायोडला किती करंट दिला की किती प्रकाश येतो, याचा पहिला पूर्ण आलेख हातात आला. डायोड साधाच घेतला आहे: ६५० नॅनोमीटर, ५ मिलिवॉट, ५.६ मिलिमीटरच्या धातूच्या टोपीतला, तीन पायांचा. किल्लीला लटकवायच्या लेझरमधलं तयार मॉड्यूल या कामाला बरेचदा उपयोगाचं नसतं, कारण आत आधीच एखादा रेझिस्टर किंवा ड्रायव्हर बसवलेला असतो. मग डायोडमधून नेमका किती करंट जातोय ते आपल्या हातात राहत नाही, आणि सगळी गंमत तर त्याच करंटची आहे.

करंटसाठी एलएम३१७, आणि डायोडच्या ओळीत १० ओहमचा रेझिस्टर. त्यावर १० मिलिव्होल्ट दिसले की १ मिलिअँपिअर. सप्लाय मुद्दाम १२ व्होल्टच्या बॅटरीचा ठेवला. इकडे वीज कधी जाईल आणि कधी झटक्याने येईल याचा नेम नाही, आणि तसला क्षणभराचा झटकासुद्धा लेझर डायोड मारायला पुरतो. समोर बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, उलट्या दिशेने ९ व्होल्ट आणि १ किलोओहम. लेन्सने ठिपका फोटोडायोडवर पाडला, पण थोडा पसरट, नाहीतर एकाच बिंदूवर सगळा प्रकाश पडून तिथला भाग संपृक्त होतो आणि आलेख वरच्या टोकाला खोटाच वाकतो. ठिपका थेट डोळ्यांत किंवा चकचकीत पत्र्यावर जाऊ देऊ नका, हे एकदाच सांगतो.

सकाळी, डायोड बसवलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा २७ अंशांवर असताना आलेले आकडे:

| करंट (मिलिअँपिअर) | फोटोडायोड (मिलिव्होल्ट) |
|---|---|
| १० | १६ |
| १५ | ३२ |
| १८ | ४८ |
| २० | ७० |
| २१ | १२० |
| २२ | ३३० |
| २३ | ५७० |
| २४ | ८१० |
| २६ | १२९० |

वीसपर्यंत रडतखडत, आणि बावीसपासून दर मिलिअँपिअरला सरळ २४० मिलिव्होल्ट. मधला हा मोड म्हणजेच गुडघा. थ्रेशोल्ड, म्हणजे डायोड जिथून लेझर व्हायला लागतो तो करंट, काढताना 'कुठे उजेड वाढला' ते डोळ्यांनी ठरवायचं नाही. वरचा सरळ भाग पट्टीने खाली वाढवायचा आणि तो शून्याला कुठे छेदतो ते वाचायचं: २३ वजा ५७० भागिले २४०, म्हणजे २०.६ मिलिअँपिअर. या तरंगलांबीला फोटोडायोड साधारण ०.४ अँपिअर प्रति वॉट देतो असं धरलं, तर चढ ०.६ मिलिवॉट प्रति मिलिअँपिअर. मिलिवॉटचे आकडे थोडे मागेपुढे असतील, पण थ्रेशोल्डला त्याने धक्का लागत नाही, कारण तिथे फक्त रेषेचा आकार लागतो.

शेजारी त्याच पेटीत साधा ५ मिलिमीटरचा लाल एलईडी लावला. त्याची रेषा जवळजवळ शून्यातूनच निघते आणि बऱ्यापैकी सरळ जाते; करंट वाढवत नेला की गरम होऊन किंचित झुकते. गुडघा कुठेच नाही. एलईडीचा प्रकाश चौफेर पसरत असल्याने फोटोडायोडवर त्यातला थोडाच येतो, म्हणून दोघांचे मिलिव्होल्ट एकमेकांशी ताडून पाहू नका. आकार तेवढा ताडा.

भाच्याने १५ मिलिअँपिअरवरचा लेझर डायोड बघून विचारलं, "मामानू, लाल उजेड पडता मां? मगे लेझर नाय कित्याक?" प्रश्न बरोबर आहे. थ्रेशोल्डखाली हा डायोड एलईडीच असतो. इलेक्ट्रॉन आणि होल आपापल्या मर्जीने भेटतात आणि फोटॉन वाटेल त्या दिशेला, वाटेल त्या क्षणी सुटतो. फरक चिपच्या दोन टोकांत आहे. ती गुळगुळीत तोडलेली असतात आणि नुसता कापलेला पृष्ठभागही सुमारे ३० टक्के प्रकाश आत परत पाठवतो. परतलेला प्रकाश वाटेत आपल्यासारखेच फोटॉन बाहेर काढतो. एका फेरीत होणारी वाढ जोवर गळतीपेक्षा कमी आहे तोवर काही घडत नाही. दोन्ही बरोबरीला आले की तो थ्रेशोल्ड.

आमच्याकडच्या चिऱ्याच्या जुन्या टाकीसारखं आहे हे. पंप हळू चालला तर आलेलं पाणी चिऱ्यातून पाझरूनच जातं. पातळी वरच्या नळापर्यंत पोचली की पुढे पंप कितीही जोरात चालवा, पातळी तिथेच राहते, पाझरही तेवढाच राहतो, आणि जादाचं सगळं पाणी नळातून जातं. पाझर म्हणजे एलईडीचा प्रकाश, नळ म्हणजे लेझरचा. थ्रेशोल्डनंतर आतल्या इलेक्ट्रॉनची संख्या जवळजवळ अडकून पडते, म्हणून वरचा भाग इतका सरळ येतो.

हे आलेखाशिवायही दिसतं. पांढऱ्या भिंतीवर ठिपका पाडा आणि करंट सावकाश वाढवा. १८ वर ठिपका मऊ, एकसारखा. २१ च्या आसपास त्यात वाळूसारखे चमचमणारे कण उमटतात, डोकं हलवलं की तेही हलतात. एलईडीला हे कण कधीच येत नाहीत. अरुंद फटीतून प्रकाश सीडीच्या तुकड्यावर टाकला तर एलईडीचा २० नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा एक मीटरवर सुमारे दीड सेंटिमीटर पसरतो. थ्रेशोल्ड ओलांडलेला लेझर तिथे फटीएवढीच बारीक रेघ देतो.

आता खरी गोष्ट. माझी खोली पत्र्याखाली आहे. दुपारी ठोकळा ३७ अंशांवर गेला आणि तोच डायोड, तीच जोडणी असताना थ्रेशोल्ड २३.२ आला. चढ जवळपास तसाच, पण सगळा गुडघा उजवीकडे सरकलेला. थ्रेशोल्ड `I_th` तापमान `T` बरोबर घातांकी वाढतो, `I_0` आणि `T_0` हे त्या डायोडचे ठरलेले आकडे:

`I_th = I_0 · exp(T/T_0)`

दहा अंशांत २३.२ भागिले २०.६, म्हणजे १.१२६ पट, त्यावरून `T_0` सुमारे ८४ केल्विन निघतो. लाल डायोडला एवढाच अपेक्षित असतो.

१२-१३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण २४ मिलिअँपिअरवर सकाळी २ मिलिवॉट मिळत होते, दुपारी जेमतेम अर्धा मिलिवॉट. उलटं जास्त धोक्याचं. समजा दुपारी ४ मिलिवॉट हवेत म्हणून करंट ३० च्या आसपास लावला आणि तसाच सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच करंट साडेपाच मिलिवॉटच्या वर देईल, म्हणजे डायोडच्या मर्यादेबाहेर. कोणीही बटणाला हात न लावता. म्हणूनच टोपीत तिसरा पाय असतो. तो आतल्या छोट्या फोटोडायोडचा, आणि बरेचसे ड्रायव्हर करंट नव्हे तर त्याच्यावर दिसणारा प्रकाश स्थिर ठेवतात. मात्र त्यांनाही वरची मर्यादा घालावी लागते, कारण डायोड तापला की ड्रायव्हर करंट वाढवतो आणि वाढलेला करंट त्याला आणखी तापवतो.

मर्यादा ओलांडली की बहुधा पुढच्या टोकाचा आरसाच वितळतो. जुन्या डीव्हीडी रायटरमधून काढलेला एक डायोड असाच निघाला. लाल उजेड देतो, मीटरवर व्होल्टेजही ठीक, पण रेषा मंद आणि सरळ, गुडघा नाही, भिंतीवर कण नाहीत. आरसा गेला की उरतो तो फक्त एलईडी. जुन्या सामानातला डायोड घेतला तर आधी हेच तपासा. फक्त करंट पुरेसा वर नेऊन बघा, कारण रायटरच्या डायोडचा थ्रेशोल्ड माझ्या या छोट्याच्या दुप्पटही असू शकतो.

पुढचं काम ठोकळा विजेवर थंड करणारा पेल्टियर लावून खालच्या तापमानाचे बिंदू घ्यायचं. पण समुद्राची हवा आडवी येते. पावसाळ्याच्या तोंडावर दवबिंदू २४-२५ अंशांपर्यंत असतो, आणि ठोकळा त्याखाली गेला की टोपीच्या काचेवर दव धरतं. तेव्हा आलेखातला उतार लेझरचा नसून दवाचा असतो. दव धरलं की पूर्ण चढच मंदावतो आणि गुडघा मात्र जागेवर राहतो, यावरून ते ओळखता येईल. तरी सिलिका जेल घातलेली बंद डबी तयार झाल्याशिवाय २५ अंशांखाली जाणार नाही.