हॅलेच्या फेऱ्या मोजताना सापडलेले दहा दिवस

काम साधं होतं. हॅलेचा धूमकेतू सूर्याच्या सर्वात जवळ ज्या दिवशी येतो, त्या उपसूर्य बिंदूच्या तारखा मी एका वहीत उतरवून ठेवल्या होत्या: १५३१, १६०७, १६८२, १७५९, १८३५, १९१० आणि १९८६. मला दोन फेऱ्यांमधलं अंतर दिवसांत हवं होतं. "साधारण ७६ वर्षं" हे सगळेच सांगतात. त्या "साधारण"मध्ये किती दिवस इकडेतिकडे होतात, ते पाहायचं होतं.

पहिली जोडी हाताने मोजली. २० एप्रिल १९१० ते ९ फेब्रुवारी १९८६. आधी एप्रिल १९८५पर्यंतची पंचाहत्तर वर्षं, त्यात १९१२पासून १९८४पर्यंतची एकोणीस लीप वर्षं, मग उरलेल्या महिन्यांचे दिवस. उत्तर आलं २७,६८९. खात्रीसाठी पुन्हा मोजलं तर २७,६९०. दुसऱ्या वेळी २० एप्रिल हा दिवसही मी मोजणीत घेतला होता. बोटांवर मोजताना सुरुवातीचा दिवस धरायचा की सोडायचा, हा घोळ दर वेळी नव्याने होतो. सहा जोड्या अशा मोजायच्या म्हटल्यावर मी वही मिटली.

स्प्रेडशीटने १९१० आणि १९८६ची वजाबाकी झटक्यात केली. पण १८३५ टाकल्यावर ती तारीख तारीख राहिलीच नाही, नुसता मजकूर होऊन बसली. तिची दिवसमोजणी १९००पासून सुरू होते आणि त्याआधीचं जग तिच्या लेखी नाही. यातून मात्र एक गोष्ट लख्ख झाली. स्प्रेडशीट तारखा वजा करतच नव्हती. ती प्रत्येक तारखेला एक क्रमांक देत होती आणि क्रमांक वजा करत होती. मला तसलीच मोजणी हवी होती, फक्त तिचा शून्य खूप मागे असायला हवा होता.

ती मोजणी खगोलशास्त्रज्ञांकडे तयार आहे: ज्युलियन दिवस क्रमांक. तिचा शून्य इसवी सनपूर्व ४७१३ सालच्या १ जानेवारीला, आजच्या ग्रेगोरियन पंचांगाच्या आधीच्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे. हा आरंभ आला कालगणनेचा अभ्यासक स्कॅलिजर याच्या १५८३ सालच्या ७,९८० वर्षांच्या चक्रातून. २८, १९ आणि १५ वर्षांची तीन जुनी चक्रं तिथे एकाच वेळी सुरू होतात, म्हणून ते साल. दिवसांची सलग मोजणी म्हणून तिचा वापर खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४९मध्ये रूढ केला. त्या मोजणीत महिना नाही, लीप वर्ष नाही, शतक नाही. काल जो आकडा होता त्यात आज एक मिळवायचा, बस. १ जानेवारी २००० या दिवसाचा क्रमांक २४,५१,५४५ आहे.

तारखेवरून क्रमांक काढायचं सूत्र मला मिळालं तेव्हा ते एखाद्या तांत्रिकाच्या मंत्रासारखं दिसलं. नुसतं उतरवून घेण्याऐवजी ९ फेब्रुवारी १९८६ घेऊन मी ते उलगडत बसलो, आणि तिथे खरी गंमत आली. सूत्र वर्षाची सुरुवात मार्चपासून धरतं. जानेवारी-फेब्रुवारी मागच्या वर्षाच्या शेपटाला जोडले जातात, म्हणजे लीपचा दिवस आपोआप वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि मधल्या महिन्यांना त्रास देत नाही. मार्च ते जुलै बघा: ३१, ३०, ३१, ३०, ३१, बेरीज १५३. ऑगस्ट ते डिसेंबर पुन्हा हुबेहूब तेच. म्हणून दर पाच महिन्यांना १५३ दिवस, आणि सूत्रातला तो विचित्र १५३ तिथून येतो.

माझी तारीख मार्चपासून मोजलेल्या १९८५ सालात पडली. मार्चला शून्य धरलं तर फेब्रुवारीचा नंबर अकरा. १५३ गुणिले ११, अधिक २, भागिले ५: उत्तर ३३७. मार्च ते जानेवारी हे अकरा महिने मी हाताने मिळवले, ३३७च. वर्षात ४,८०० मिळवायचे ते केवळ आकडे ऋण होऊ नयेत म्हणून, तेव्हा १९८५चं झालं ६,७८५. त्याचे ३६५ने गुणून २४,७६,५२५ दिवस, चारने भागून १,६९६ लीप दिवस, शंभरने भागून ६७ वजा, चारशेने भागून १६ अधिक. या सगळ्यात ३३७ आणि तारखेचे ९ मिळवले, आणि शेवटी मोजणी योग्य शून्यावर बसवायला ३२,०४५ वजा केले. आला २४,४६,४७१.

मग हेच स्प्रेडशीटमध्ये घातलं आणि पहिला दणका बसला. भागाकार अपूर्णांकात येत होते, म्हणून मी प्रत्येक भागाकार जवळच्या पूर्णांकात बदलून घेतला. १९८६चं उत्तर बरोबर आलं. १९१०चं मात्र २४,१८,७८४ आलं आणि अंतर २७,६८७. हाताने केलेल्या दोन्ही उत्तरांशी जुळेना! शोधलं तर ६,७१० भागिले ४ म्हणजे १,६७७.५ याचे १,६७८ झाले होते आणि चारशेने भागलेले १६.७७५ चे १७. असे दोन दिवस फुकट वाढले. १९८६मध्ये शंभराचा आणि चारशेचा भागाकार दोन्ही एकेकाने वर सरकले होते आणि एकमेकांना खाऊन टाकलं होतं, म्हणून चूक दिसली नाही. इथे जवळचा पूर्णांक नको, अपूर्णांक छाटून टाकायचा असतो: लीपचा दिवस पूर्ण झाल्याशिवाय मोजायचाच नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक क्रमांकाला सातने भागून बाकी बघतो. शून्य आली तर सोमवार, एक आली तर मंगळवार, असं सहापर्यंत, म्हणजे रविवार. चुकीच्या २४,१८,७८४ ची बाकी ४, म्हणजे शुक्रवार. पण २० एप्रिल १९१० हा बुधवार होता, आणि बरोबर क्रमांक २४,१८,७८२ ची बाकी २ आहे. एका दिवसाची चूकही वार लगेच पकडून देतो. फक्त चूक नेमकी सातच्या पटीतल्या दिवसांची असेल तर तो गप्प बसतो.

शेवटी स्प्रेडशीट बाजूला ठेवून हे छोटं फंक्शन लिहिलं. `//` हा छाटणारा भागाकार आहे.

```python
def jdn(y, m, d, greg=True):
    a = (14 - m) // 12
    y = y + 4800 - a
    m = m + 12*a - 3
    n = d + (153*m + 2)//5 + 365*y + y//4
    if greg:
        return n - y//100 + y//400 - 32045
    return n - 32083
```

शेवटच्या ओळीतला दुसरा रस्ता मला नंतर जोडावा लागला. का, ते सांगतो.

१५३१ची तारीख माझ्या वहीत २६ ऑगस्ट होती. ती फंक्शनला दिली, १६०७च्या २७ ऑक्टोबरमधून वजा केली, अंतर २७,८२१ आलं. पायथॉनच्या `date.toordinal()`ने पडताळलं, तर तिथेही २७,८२१. (त्या क्रमांकात १७,२१,४२५ मिळवले की ज्युलियन दिवस क्रमांक येतो, त्यामुळे पडताळणी सोपी.) दोन साक्षीदार एकच सांगतात म्हटल्यावर मी समाधानाने चहा प्यायला गेलो. परत येऊन उपसूर्याच्या वेळेचा छापील ज्युलियन आकडा पाहिला: २२,८०,४९२.७४. माझा आकडा होता २२,८०,४८३. जवळजवळ दहाचा फरक.

दोन साक्षीदार एकाच घरचे होते. दोघेही आजचं ग्रेगोरियन पंचांग मागे ओढून १५३१पर्यंत नेत होते, आणि १५३१मध्ये ते पंचांग अस्तित्वातच नव्हतं. ते १५८२मध्ये आलं, ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर करून. सलग मोजणीत मात्र तिथे काहीच तुटत नाही: ४ ऑक्टोबर २२,९९,१६०, १५ ऑक्टोबर २२,९९,१६१, गुरुवार आणि शुक्रवार. वहीतली तारीख ज्युलियन पंचांगातली होती, जिथे दर चौथं वर्ष लीप असतं, म्हणून तिला शंभर-चारशेचे नियम लावायचेच नव्हते. ते काढून ३२,०८३ वजा केले, तर २२,८०,४९३ आला आणि अंतर २७,८११.

म्हणजे क्रमांक पंचांग ओळखत नाही. तारीख कोणत्या पंचांगातली, हे क्रमांक काढायच्या आधी आपणच ठरवायचं असतं. नुसतं १५८२ हे साल बघूनही भागत नाही. इंग्लंडने ग्रेगोरियन पंचांग १७५२मध्ये घेतलं, त्यामुळे १६८२चा १५ सप्टेंबर तिथल्या कागदांत ५ सप्टेंबर असेल. कागद कोणत्या देशातला, हेही बघावं लागतं.

शिवाय छापील आकड्याच्या शेवटी ते ".७४" होतं, त्यावरून आणखी एक गोष्ट कळली. ज्युलियन दिवस मध्यरात्री नाही, जागतिक वेळेच्या दुपारी बारा वाजता बदलतो. रात्रभर दुर्बिणीशी बसणाऱ्याची एक रात्र दोन तारखांत तुटू नये, यासाठी ही सोय. पण आपण तिथेच फसतो. १६०७चा उपसूर्य दुपारनंतरचा, २३,०८,३०४.०४, १६८२चा सकाळचा, २३,३५,६५५.७८. दोघांचे अपूर्णांक छाटून वजाबाकी केली तर २७,३५१ दिवस, नुसत्या तारखांचे क्रमांक घेतले तर २७,३५२. खरं अंतर २७,३५१.७४. दोन्ही टोकांना वेळ घ्यावी किंवा दोन्ही टोकांना नुसती तारीख. एकीकडे हे आणि दुसरीकडे ते केलं की एक दिवस कुठेतरी गळतो. मी तारखाच ठेवल्या.

मग सगळं एका बैठकीत झालं. १५३१ ते १६०७: २७,८११. पुढे २७,३५२, मग २७,९३७. १७५९ ते १८३५ला २८,००६, आणि लगेच पुढची फेरी, १८३५ ते १९१०, फक्त २७,१८३. सर्वात लांब आणि सर्वात आखूड फेरी शेजारीशेजारी, फरक ८२३ दिवसांचा, म्हणजे सव्वादोन वर्षं. मोठे ग्रह, विशेषतः गुरू, धूमकेतूला वाटेत कधी पुढे ओढतात, कधी मागे खेचतात, म्हणून ही ओढाताण. फ्रेंच गणितज्ञ क्लेरोने १७५९च्या परतीचा हिशेब गुरू आणि शनी धरून केला होता, तरी तो महिनाभर चुकला: त्याचं उत्तर एप्रिलच्या मध्याचं होतं, धूमकेतू सूर्याजवळ पोचला १३ मार्चला. "साधारण ७६ वर्षं" म्हणणाऱ्यांना माझा आता फारसा राग येत नाही.

तक्त्यात एक ओळ पुढचीही घातली आहे. २८ जुलै २०६१, क्रमांक २४,७४,०३४, सातने भागून बाकी ३, गुरुवार. १९८६पासून २७,५६३ दिवस.