फोटोतला पांढरा डोळा

गणपतीत मी खानापूरला माहेरी होते. आरती झाल्यावर दादाने माझ्या चौदा महिन्यांच्या मुलीचे फ्लॅश मारून फोटो काढले. तीन फोटोंत तिचा उजवा डोळा लालसर, तर डावा मांजरासारखा पांढरा चमकत होता. "फ्लॅशचं असंल गं," आई म्हणाली. मलाही तेच खरं मानायचं होतं.

रात्री झोप लागेना म्हणून मोबाइलमधले जुने फोटो उघडले. तीन महिन्यांपूर्वीच्या जावळाच्या फोटोंतही तीच चमक, त्याच डोळ्यात! ती सरळ बघत असली की काही दिसत नव्हतं, नजर बाजूला वळली की दिसायचं. म्हणून इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

बेळगावात पहिल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि सहा महिन्यांनी या म्हणाले. दादा ऐकेना. दुसऱ्या दिवशी आम्ही दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी तिचा डावा डोळा झाकला, ती खेळत राहिली. उजवा झाकल्यावर मात्र तिने त्यांचा हात ढकलून रडायला सुरुवात केली. एका डोळ्याने सगळं दिसत असल्यामुळे घरात ती कधी धडपडलीच नव्हती.

मग थेंब घालून बाहुली मोठी केली आणि तासाभराने आतला पडदा तपासला. फ्लॅशचा उजेड पडद्यामागच्या रक्ताळ थरावरून परततो म्हणून डोळा लाल दिसतो. वाटेत पांढरं काही असलं तर पांढरा. मोतीबिंदूनेही असं होतं. कधी निरोगी डोळा नाकाकडे वळलेला असताना उजेड नेमका मेंदूकडे जाणाऱ्या डोळ्याच्या नसेच्या तोंडावर पडतो आणि तसाच दिसतो. पण हे फोटोवरून ठरवता येत नाही, असं बाई म्हणाल्या.

हिच्या पडद्यावर गाठ होती. सोनोग्राफीत तिच्यात चुन्यासारखे कण दिसले. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा कॅन्सर. सुई घालून तुकडा काढणार का, असं मी विचारलं. सुईने गाठीच्या पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात, म्हणून तसं करत नाहीत, हे तेव्हा कळलं.

पाचव्या दिवशी बेंगळुरूत भूल देऊन दोन्ही डोळे तपासले, एमआरआय झाला. गाठ लहान असती तर लेसर किंवा केमो देऊन डोळा वाचवायचा प्रयत्न झाला असता. हिची अर्ध्याहून जास्त डोळाभर पसरली होती, नजर गेलेलीच होती. डोळा काढला. सोबत कापलेली नस प्रयोगशाळेत स्वच्छ निघाली, पुढे केमो लागली नाही. जावळाच्या वेळी आलो असतो तर? हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला नाही.

दीड महिन्याने कृत्रिम डोळा बसवला. रक्ताची जनुक तपासणी केली, चार वर्षांच्या थोरल्याचेही डोळे तपासले; ते ठीक आहेत. हिचा उजवा डोळा पुन्हा संक्रांतीनंतर बघणार आहेत. त्यालाही भूल लागेल, कारण आता दिवा दिसला की ती डोळे घट्ट मिटते.