गॅदरिंगला आण्णांनी नवं नाव सांगितलं तेव्हा

आमच्या कंपनीचं गॅदरिंग दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात असायचं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, म्हणजे वर्षभर काळी वाळू, धूर आणि भट्टीची धग, पण त्या एका दिवशी सगळे असे काही नटून यायचे की वाळूचे साचे बनवणाऱ्या मोल्डिंगवाल्यांना ओतलेला माल घासून साफ करणारे फेटलिंगवाले ओळखू यायचे नाहीत. सकाळी सत्यनारायण, मग पोरांची लिंबू-चमचा आणि बायकांची संगीत खुर्ची, दुपारी मटणाच्या पंगती, एकीकडे तांबडा-पांढरा आणि शाकाहारी लोकांना वेगळ्या मांडवात पुरणपोळी. संध्याकाळी स्टेजवर पोरांचे डान्स, पंचवीस वर्षं झालेल्यांना घड्याळ, आणि शेवटी आण्णांचं भाषण. आण्णा म्हणजे आमचे मालक. साहेब म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही आणि भाषण पाच मिनिटांच्या वर कधी जायचं नाही, कारण मागच्या रांगेतली पोरं तोवर झोपलेली असायची.

पण २०१९ चं भाषण पाऊण तास चाललं आणि एक माणूस जागचा हलला नाही.

त्या वर्षी पहिल्यांदा गॅदरिंग तीन आठवडे पुढे गेलं. पोरांच्या परीक्षा जवळ आल्या म्हणून घरोघरी कुरकुर सुरू होती आणि कारण कुणी सांगत नव्हतं. नंतर कळलं की कंपनीचं नाव बदलायचं चाललंय आणि आण्णा कागद हातात पडायची वाट बघतायत. कंपनीचं नाव बदलायचं तर आधी रजिस्ट्रारकडून ते नाव मंजूर करून घ्यावं लागतं, मग भागधारकांच्या सभेत विशेष ठराव करायचा, म्हणजे बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट पाहिजेत, मग पुन्हा अर्ज, आणि त्यानंतर रजिस्ट्रार नवीन सर्टिफिकेट देतो तेव्हाच नवं नाव लागू होतं. त्याच्या आधी पाटी लावली किंवा बिलावर छापलं तर ते चूक. आण्णांचं म्हणणं होतं की माणसांसमोर उभं राहायचं तर कागद खिशात पाहिजे.

इकडे शॉपमध्ये मात्र वेगळंच पसरलं होतं. मी तेव्हा डिस्पॅचला होतो, त्यामुळे दिवसभर सगळ्या खात्यातली माणसं माझ्याकडे येऊन बोलायची आणि प्रत्येकाच्या तोंडात एकच, की नाव बदललं म्हणजे सर्व्हिस तुटली. ही भीती काय हवेतून आलेली नव्हती. एमआयडीसीत असं घडलेलं लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं, जुनी कंपनी बंद, शेजारी नव्या नावाने नवी कंपनी, माणसं तीच, मशिनं तीच, पण कामाला लागल्याची तारीख नवीन. माझ्या चुलत्याच्या बाबतीत झालेलं ते, कुठे ते लिहीत नाही, पण अठरा वर्षांचा माणूस एका रात्रीत नवीन भरती झाला. त्यामुळे गॅदरिंगला सगळे नटून आले खरे, पण पंगतीत नेहमीचा आवाज नव्हता.

आण्णा स्टेजवर आले, माईक हातात घेतला आणि नाव सांगितलंच नाही. मला वाटतं सगळ्या भाषणाची ताकद त्यातच होती. ते म्हणाले, "नाव शेवटी सांगतो, आधी तुमच्या पोटातलं बोलू." मग फेटलिंगच्या मामांना नावाने हाक मारून वर बोलावलं, मामा लाजले, पांढरी टोपी काढून हातात धरली आणि वर गेले. मामा १९९५ ला लागलेले, म्हणजे तेव्हा चोवीस वर्षं. आण्णांनी पोरांच्या चित्रकला स्पर्धेचा फळा ओढून घेतला आणि खडूने हिशोब मांडला. बेसिक आणि डीए मिळून १५,६०० धरा, भागिले २६, झाला दिवसाचा ६०० पगार, गुणिले १५ म्हणजे वर्षाला ९,००० ग्रॅच्युइटी, गुणिले चोवीस, २,१६,०००. मग खाली रेघ मारून म्हणाले, आता लोक म्हणतात तसं सर्व्हिस आजपासून नवीन धरली आणि मामा चार वर्षांनी रिटायर झाले तर या पुढच्या चार वर्षांचे किती? आणि मोठा शून्य काढला, कारण ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. मांडवात एकदम शांत. तो शून्य बघून माझ्या पोटात खरंच गोळा आला होता.

मग त्यांनी शून्य पुसला आणि सर्टिफिकेट काढलं. म्हणाले, कंपनी नवीन काढली तर तिचा नंबर नवीन असतो, नाव बदललं तर नोंदणीचा नंबर तोच राहतो, हे तुमचं तुम्ही तपासा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षरी सीआयएन असतो, त्यात पहिलं अक्षर, मग धंद्याचे पाच आकडे, मग राज्याचं MH, मग कंपनी ज्या वर्षी नोंदली ते साल, मग PTC म्हणजे प्रायव्हेट, आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. त्यांनी जुना कागद आणि नवा कागद मामांच्या हातात दिला आणि साल वाचायला सांगितलं. मामांनी चष्मा लावून दोन्हींवर बोट ठेवत मोठ्याने वाचलं, एक नऊ नऊ एक, आणि दुसऱ्यावर पण एक नऊ नऊ एक. शेवटचे सहा आकडे पण तेच. आण्णा म्हणाले, नवी कंपनी असती तर इथे यंदाचं साल असतं. पॅन नंबर तोच, पीएफचा कोड तोच, फक्त त्यापुढचं नाव बदलायचं. मग टाळ्या वाजल्या त्या अशा की तोवर दडपून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

आणि त्यानंतर नाव सांगितलं. ते इथे टाकत नाही, ज्यांना माहिती आहे त्यांना माहिती आहे. जुन्या नावात आण्णांच्या आईचं नाव आणि पुढे 'आयर्न फाउंड्री' होतं. नव्यात आईचं नाव राहिलं आणि 'आयर्न फाउंड्री' गेलं. बस, बदल एवढाच! पण ते का काढलं हे त्यांनी ज्या पद्धतीने दाखवलं ते मी अजून विसरलेलो नाही.

टेबलावर दोन ब्रेक ड्रम ठेवले होते. एक कच्चा, नुसता ओतलेला, अंगावर वाळूचा खरखरीतपणा, आणि दुसरा आमच्याच नव्या मशिनशॉपमध्ये लेथवर काढलेला, आतून आरशासारखा. आण्णा म्हणाले, हा पहिला आपण अठ्ठावीस वर्षं किलोवर विकला, आणि हा दुसरा आपण नगावर विकणार, वजन कमी झालंय, कापताना निघालेली लोखंडाची बर परत भट्टीत गेलीय आणि किंमत वाढलीय. पण खरेदी खात्यातला माणूस पाटीवर फाउंड्री वाचतो आणि मशिनिंगची चौकशी दुसऱ्याकडे पाठवतो, म्हणून तो शब्द काढला.

मग जे बोलले ते खरं मोल्डिंगसाठी आणि कास्टिंगची आतली पोकळी राखणारे वाळूचे कोअर बनवणाऱ्या कोअरशॉपसाठी होतं. आतापर्यंत आपली कास्टिंग दुसरीकडे मशिनिंगला जायची, तिथे वरचा थर निघाला की आत ब्लोहोल, म्हणजे अडकलेल्या वायूचं भोक दिसायचं, आणि ही बातमी आपल्यापर्यंत यायला तीन-तीन आठवडे लागायचे, तोवर वाळू तशीच ओली आणि कोअर तसेच कच्चे राहून शेकडो नग ओतून झालेले असायचे. वर मशिनिंगचा खर्च पण आपल्याच नावावर कापून घ्यायचे. आता लेथ शंभर फुटांवर आहे, सकाळच्या पाळीत ओतलेलं थंड होऊन दुसऱ्या दिवशी कापलं की दोष कळणार आणि त्याच दिवशी वाळूचा ओलावा तपासता येणार. "आपण फाउंड्री सोडत नाही, फाउंड्रीला डोळे देतोय," असं ते म्हणाले. हे मी डिस्पॅचला बसून रोज बघत होतो ना, परत आलेल्या मालाच्या गाड्या उतरवून घ्यायचं काम माझंच, त्यामुळे मला तर ते आतपर्यंत पटलं.

एका तरुण पोराने उठून विचारलं, मग कास्टिंगवरचा आपला मार्का पण बदलणार का? प्रश्न फार चांगला होता. आमच्या प्रत्येक कास्टिंगवर दोन अक्षरं उठून यायची, ती पॅटर्नमध्येच, म्हणजे ज्याने वाळूत साचा उठवतात त्या नमुन्यातच बसवलेली असतात, शेजारी हीटचा, म्हणजे भट्टीच्या त्या घाण्याचा नंबर. आण्णा म्हणाले, नाही. बहुतेक पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचे, मार्का त्यांच्या ड्रॉइंगवर आहे, तो बदलायचा तर प्रत्येक गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग बदलून घ्या, नमुने परत पास करून घ्या, आणि तेवढा वेळ रस्त्यावर दोन मार्क्यांचे ड्रम फिरणार, उद्या तक्रार आली तर माग कुणाचा काढायचा? "नाव पाटीवर बदललं, लोखंडावर नाही." आणि मग हसून म्हणाले, टेल्कोचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पिंपरीत आजही लोक टेल्कोच म्हणतात, तुम्हीही घरी खुशाल फाउंड्रीच म्हणा.

जाताना प्रत्येकाला पेढ्याचा बॉक्स आणि त्याबरोबर त्या सर्टिफिकेटच्या पाच-पाच झेरॉक्स मिळाल्या. तेव्हा आम्हाला वाटलं एवढ्या कशाला. पण दोन महिन्यांनी आमच्या कोअरशॉपच्या एकाचं घराचं लोन बँकेत अडकलं, कारण पगाराची स्लिप नव्या नावाची आणि फॉर्म १६ जुन्या नावाचा, बँकवाले म्हणाले ह्या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. त्याने झेरॉक्स दिली, दोन्ही कागदांवर एकच पॅन दाखवला आणि काम झालं. शाळेत पोराच्या फॉर्मवर, रेशनच्या कामाला, कुठे कुठे ती झेरॉक्स लागली ते विचारू नका.

गेटवरची पाटी पण बघण्यासारखी होती. कायद्याने नाव बदलल्यावर दोन वर्षं नव्या नावाबरोबर जुनं नावही लावावं लागतं, आणि पाटीवर स्थानिक लिपीतही नाव पाहिजे, त्यामुळे वर इंग्रजी, मध्ये मराठी आणि खाली 'पूर्वीचे नाव' म्हणून जुनं. २०२१ च्या फेब्रुवारीत दोन वर्षं पूर्ण झाली तेव्हा पेंटर शिडी घेऊन आला. त्या वर्षी कोरोनामुळे गॅदरिंग झालंच नव्हतं, नाहीतर त्यावर पण भाषण झालं असतं. आण्णा गेटवर खुर्ची टाकून बसले होते, पेंटरने ब्रश बुडवला तेवढ्यात म्हणाले खालची ओळ राहू दे, आणि ती राहिली.

मामा २०२३ ला रिटायर झाले, अठ्ठावीस वर्षं भरून. बेसिक-डीए तोवर २०,८०० झाला होता, म्हणजे दिवसाचे ८००, वर्षाचे १२,०००, आणि एकूण ३,३६,०००. हा हिशोब मामांनी मला स्वतः डिस्पॅचच्या टेबलावर चलनाच्या मागे पेन्सिलीने करून दाखवला, फळ्यावर पाहिला होता तसाच, एक पायरी न चुकता. पुढच्या जानेवारीत गॅदरिंगला ते नातीला घेऊन आले होते. तिच्या डान्सला पहिला नंबर मिळाला.