दोन हजारांचे पंधराशे

आज दिवसभर कात्री चालवली. विहिरींच्या पाणीतपासणीचा प्रस्ताव २,१४० शब्दांचा झाला होता, मर्यादा १,५००. पोर्टलवरचा रकाना पंधराशेच्या पुढे एक शब्द घेत नाही.

आधी प्रस्तावना गेली. भूजल महत्त्वाचं आहे हे भूजलासाठीच पैसे देणाऱ्यांना कशाला सांगायचं? तिथेच साडेतीनशे शब्द वाचले. मग हाव सुटली आणि ‘वर्षातून चार वेळा नमुने का’ हा परिच्छेदही उडवला. शेवटी १,४८० आले, मी खूश.

संध्याकाळी हिशेब बघणाऱ्या ताईंनी वाचलं. म्हणाल्या, “अगं, प्रवासखर्च ३१,२०० कुठून आला?” खरंच की! १२ गावं, ४ फेऱ्या, फेरीला ६५० रुपये. तो ‘४’ मीच कापला होता. वाचणाऱ्याला वाटलं असतं, आकडा फुगवलाय.

मग अंदाजपत्रकाची एकेक ओळ घेऊन मजकुरात तिचं काम शोधलं. उद्दिष्टं तिन्ही शाबूत होती, पण किटच्या खर्चालाही आधार उरला नव्हता. अख्खा परिच्छेद परत आणायची गरज पडली नाही. ‘पावसाळ्याआधी आणि नंतर नायट्रेट बदलतं, म्हणून १२ गावांत वर्षातून ४ फेऱ्या’ एवढंच घातलं. गुणाकार तक्त्यातल्या शेरा रकान्यात टाकला. तो शब्दमर्यादेत मोजत नाहीत, सूचना वाचून खात्री केली.

किटचं वाक्य धरून आता १,४९६. चार शब्द शिल्लक आहेत, ते तसेच राहू देत.